मीटिंगमधला ‘उद्या’ मेलमध्ये कुठे जातो?

विश्रामबागला एका क्लासच्या फलकावर वाचलं: ‘ऑफिस ईमेलमधल्या चुका? तीस दिवसांत अचूक व्याकरण!’ चुका होतात हे खरं आहे. पण साहेब किंवा क्लायंट मीटिंगमध्ये काय म्हणाले हे कळवणारे मेल फसतात, तेव्हा कारण बहुतेक वेळा व्याकरणाच्या आधीचं असतं.

कुपवाड एमआयडीसीतलं एक काल्पनिक पण रोजचं उदाहरण घेऊ. गुरुवारी दुपारी क्लायंट कारखान्यात येतो आणि म्हणतो, “मी उद्या ड्रॉइंग पाठवतो. ते मिळालं की आठ दिवसांत सॅम्पल द्या. सॅम्पल पास झालं तर ॲडव्हान्सचं बघतो.” आपला कोऑर्डिनेटर शुक्रवारी सकाळी पुण्याच्या हेड ऑफिसला इंग्रजीत मेल टाकतो: ‘क्लायंट सेड दॅट आय विल सेंड द ड्रॉइंग टुमॉरो. सॅम्पल इन एट डेज. आफ्टर दॅट दे विल रिलीज ॲडव्हान्स.’

मेल पुण्यात पोचतो तेव्हा त्याचा अर्थ असा होतो, की ड्रॉइंग आपला कोऑर्डिनेटरच पाठवणार आहे, तेही शनिवारी. सॅम्पलचे आठ दिवस मेलच्या तारखेपासून सुरू झाले आणि ॲडव्हान्स नक्की झाला. एकही शब्द खोटा घातलेला नाही, तरी सगळं चुकलं.

कार्ल ब्यूलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1934 साली यामागची रचना मांडली. ‘मी’, ‘इथे’, ‘आत्ता’ या शब्दांना स्वतःचा ठरलेला अर्थ नसतो. आलेखावर बिंदूचं स्थान आरंभबिंदूपासून मोजतात, तसे हे शब्द बोलणाऱ्यापासून मोजले जातात. ब्यूलरने या जागेला नावही तेच दिलं: ‘ओरिगो’, म्हणजे आरंभ. क्लायंट बोलला तेव्हा आरंभबिंदू होता क्लायंट, कुपवाड, गुरुवार. मेल लिहिताना तो झाला कोऑर्डिनेटर, शुक्रवार. बिंदू सरकला की त्याच्यापासून मोजलेला प्रत्येक शब्द नव्याने मोजावा लागतो: ‘मी’चा ‘क्लायंट’, ‘उद्या’चा ‘शुक्रवार’.

मराठीत हे काम टाळता येतं. ‘ते म्हणाले, की मी उद्या पाठवतो’ हे आपल्याकडे शुद्ध वाक्य आहे. ‘की’च्या पुढे मूळ बोलणाऱ्याचा आरंभबिंदू जसाच्या तसा ठेवायची मुभा आहे आणि क्रियापदाचा काळही बदलावा लागत नाही. समोरासमोर सांगताना आवाज, हातवारे आणि प्रसंग यांवरून ‘मी’ कोण ते कळतं. इंग्रजीत मात्र ‘दॅट’ आलं की सर्वनाम सांगणाऱ्याच्या बाजूने मोजायचं, नाहीतर सरळ अवतरणचिन्हं टाकायची. आपला कोऑर्डिनेटर मराठी चौकटीत विचार करतो आणि इंग्रजी ‘दॅट’ लावतो. मराठीत मेल लिहिला तरी ‘उद्या’ लोंबकळतच राहतो, कारण मेल उघडणाऱ्याचा ‘आज’ तिसराच असतो. शनिवारी उघडला तर तो रविवार वाचेल.

‘बघतो’चा ‘रिलीज’ कसा झाला, याचं उत्तर स्मरणात आहे. 1967 साली जॅकलिन सॅक्स यांनी लोकांना दुर्बिणीच्या शोधाची गोष्ट ऐकवली आणि त्यातलं एक वाक्य पुन्हा समोर ठेवलं. कधी तेच, कधी रचना बदलून, कधी अर्थ बदलून. लगेच विचारलं तर सगळे बदल ओळखू आले. मध्ये ऐंशी अक्षरं, म्हणजे अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ गेला, की अर्थातला बदल कळायचा, रचनेतला फारसा नाही. पुढे 1977 मध्ये विल्यम ब्रूअर यांनी दाखवलं, की ‘भुकेल्या अजगराने उंदीर पकडला’ हे वाक्य लोकांना ‘खाल्ला’ असंही आठवतं. म्हणजे आपण काढलेला निष्कर्ष आठवणीत मूळ वाक्याची जागा घेतो. ‘पास झालं तर बघतो’ ऐकून आपण मनात ‘पैसे मिळणार’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी तेच ऐकल्याची खात्री वाटते. स्मरणशक्तीच्या गोळ्या आणि ‘मेमरी पॉवर’ची शिबिरं इथे कामाची नाहीत. हा मेंदूचा दुबळेपणा नाही, ऐकण्याची नेहमीची रीतच आहे.

म्हणून क्लायंट समोर असतानाच वहीत ‘उद्या’च्या जागी वार आणि तारीख, ‘मी’च्या जागी नाव लिहावं. आठ दिवस कशापासून मोजायचे, तेही तिथेच विचारून घ्यावं. रेकॉर्डिंग केलं तरी हे काम टळत नाही, कारण त्यातही ‘उद्या’ हा ‘उद्या’च ऐकू येतो. मेल पाठवण्याआधी प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारावेत: कोण, कधी, कशापासून? मीटिंगला नसलेल्या माणसाला त्याच वाक्यातून उत्तर मिळालं नाही, तर आरंभबिंदू हरवला आहे.

अट आणि खात्री यांना मात्र हा उपाय पुरत नाही. ‘तर’ गाळू नये आणि ‘बघतो’ अवतरणचिन्हांत तसाच ठेवावा. मग तोच मेल क्लायंटलाही सीसी करून ‘काही वेगळं असल्यास आजच कळवा’ अशी ओळ घालावी. ॲडव्हान्स किती आणि कधी, याचा आकडा त्याच्या उत्तरात आला, तरच तो प्लॅनिंगच्या शीटमध्ये चढवावा.