घरच्या दुबई कंपनीला आंबा पल्प विकताना: भाव, उधारी आणि मॅनेजमेंट फी
(निर्यातदार ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

रत्नागिरी, देवगड, राजापूर भागातले आमचे बरेच कॅनिंगवाले ग्राहक आपला माल आखातातल्या स्वतःच्याच कंपनीला पाठवतात. इथे कारखाना, तिथे विक्री. अशा व्यवहारात भाव दोन्हीकडून आपणच ठरवतो, म्हणून आयकर खाते विचारते की हाच माल परक्या गिऱ्हाइकाला विकला असता तर काय भाव मिळाला असता. त्या भावाला आर्म्स लेंग्थ प्राइस म्हणतात. ट्रान्सफर प्रायसिंगची फाइल म्हणजे या एका प्रश्नाचं कागदोपत्री उत्तर.

आधी एक गैरसमज दूर करू. "दुबईच्या कंपनीत माझा एकही शेअर नाही, ती भावाची आहे," असं पुष्कळदा ऐकू येतं. शेअर २६ टक्के किंवा जास्त असले की दोन कंपन्या संबंधित ठरतात हे खरं, पण कलम ९२ए मध्ये आणखी वाटा आहेत. इथली कंपनी तुमच्या ताब्यात आणि तिथली तुमच्या नातेवाइकाच्या ताब्यात असेल, तरीही त्या संबंधितच. सख्ख्या भावाची कंपनी यातून सुटत नाही.

आता एक उदाहरण. आकडे आम्ही समजावण्यासाठी घेतले आहेत आणि हिशेब सोपा राहावा म्हणून रुपयांत मांडले आहेत. एक कारखाना हापूसचा पल्प ३.१ किलोच्या डब्यांत भरतो, सहा डब्यांचा एक कार्टन. दुबईच्या घरच्या कंपनीला वर्षात ३,००० कार्टन गेले, भाव ३,५०० रुपये एफओबी न्हावा शेवा, उधारी १८० दिवस. त्याच हंगामातला पल्प ओमानच्या एका परक्या व्यापाऱ्याला ३,९०० रुपयांनी गेला. तो भाव मात्र सीआयएफ, माल ९०० कार्टन, पैसे आगाऊ.

वरवर पाहता कार्टनमागे ४०० रुपयांची तफावत. पण दोन भाव एका पातळीवर आणल्याशिवाय तुलना होत नाही. ओमानच्या भावातून जहाजभाडं आणि विम्याचे ११० रुपये काढले की ३,७९० उरतात. त्या व्यापाऱ्याने स्वतःच्या ब्रँडचं लेबल आणि छापील खोका मागितला होता, त्याचे ६० काढले की ३,७३०. पुढे प्रमाणाचा प्रश्न. कारखान्याच्या दरपत्रकात २,००० कार्टनच्या वर ५ टक्के सूट लिहिलेली आहे आणि मागच्या वर्षी कतारच्या एका परक्या गिऱ्हाइकाला ती खरोखर दिलेली आहे. म्हणून ती धरता येते, आणि भाव ३,५४३ वर येतो. परक्याला कधीच न दिलेली सूट नुसती दरपत्रकात छापून चालत नाही. अधिकारी पहिलं बिल मागतो ते त्याच सूटीचं.

३,५४३ विरुद्ध ३,५००, फरक ४३ रुपये. इथवर येऊन बहुतेक जण फाइल मिटतात. पण ओमानवाला पैसे आधी देतो आणि दुबईची कंपनी सहा महिन्यांनी. परक्याला १८० दिवसांची उधारी दिली असती तर भावात तेवढं व्याज धरलंच असतं. दर वर्षाला ८ टक्के मानला तर कार्टनमागे साधारण १४० रुपये होतात. म्हणजे तुलनेचा खरा भाव ३,६८३ आणि फरक १८३.

कायद्यात थोडी सवलत आहे: अलीकडच्या वर्षांत घाऊक व्यापाराला १ टक्का आणि इतरांना ३ टक्के, तीही प्रत्यक्ष लावलेल्या भावावर. आपला कारखाना इतरांत मोडतो, म्हणून सवलत १०५ रुपयांची. फरक त्याहून जास्त, आणि अशा वेळी १०५ वजा होत नाहीत, अख्खे १८३ धरले जातात. ३,००० कार्टनवर ५.४९ लाख रुपये उत्पन्नात वाढतात. हीच उधारी ६० दिवसांवर आणली असती तर व्याज साधारण ४७ रुपये, तुलनेचा भाव ३,५९०, फरक ९०, म्हणजे सवलतीच्या आत. भाव ठीकच होता, गडबड उधारीने केली. बिल डॉलरमध्ये असेल तर व्याजाचा दरही डॉलरच्या कर्जाचा लावून मांडावा. तो बहुधा रुपयापेक्षा कमी बसतो.

काही जण म्हणतात की फेमाच्या मुदतीत पैसे आले, मग व्याज कसलं? ती मुदत परकीय चलनाच्या कायद्याची. आयकर कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने थकीत येणं हासुद्धा आंतरराष्ट्रीय व्यवहार आहे, असं स्पष्ट केलेलं आहे. दोन्ही हिशेब वेगळे.

तुलना करताना सौद्याची तारीख पाहा, जहाजाची नव्हे. एप्रिलच्या चढ्या आंब्यावर ठरलेला भाव आणि मे अखेरीस कॅनिंगचा आंबा उतरल्यावर ठरलेला भाव शेजारी ठेवले, तर घरच्या कंपनीला स्वस्त दिल्याचा भास होतो. म्हणून प्रत्येक सौद्याचा ईमेल किंवा ऑर्डर त्या बिलाला जोडून ठेवा. परक्याला काहीच विकत नसाल तर ही पद्धत बाद. मग कारखान्याच्या निव्वळ नफ्याची इतर फळप्रक्रिया कंपन्यांशी तुलना करावी लागते. तिथे लोणची, सरबतं बनवणारे सगळे एका यादीत येतात, त्यामुळे कोणाला का वगळलं याचं कारण लिहिणं हेच मुख्य काम.

दुसरा विषय दुबईहून येणाऱ्या डेबिट नोटचा. "मॅनेजमेंट फी, विक्रीच्या २ टक्के," एवढ्या एका ओळीवर ती टिकत नाही. काय काम झालं, कोणी केलं, आणि परक्याकडून तेच काम आपण पैसे देऊन घेतलं असतं का, हे दाखवावं लागतं. दुबईच्या माणसाने तिथल्या सुपरमार्केटशी बोलणी केली असतील तर तो तिथल्या कंपनीचा स्वतःचा धंदा झाला. त्याचा खर्च इथे कसा लागेल? उलट लॅब तपासणी किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर तिथून पुरवलं असेल तर मूळ बिल, वाटणीचा आधार आणि त्यावरचा नफा दाखवून फी बसवता येते. करार वर्षाच्या सुरुवातीचा हवा. मार्चअखेर मागची तारीख टाकून केलेला करार आम्ही फाइलमध्ये लावत नाही. टीडीएस आणि रिव्हर्स चार्जचा जीएसटी यांचा विचार वेगळा होतो. आणि ही फी येण्यातून परस्पर वळती करू नका. विक्री आणि फी हे दोन व्यवहार अहवालात स्वतंत्र दाखवायचे असतात.

१९६१ च्या कायद्यात, म्हणजे आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या व्यवहारांसाठी, फॉर्म ३सीईबी हा सीएचा अहवाल पहिल्या रुपयापासून लागतो आणि नेहमीची मुदत ३१ ऑक्टोबर. सविस्तर फाइल व्यवहारांची बेरीज १ कोटीच्या वर गेली की सक्तीची. उदाहरणातली विक्रीच १.०५ कोटी आहे. फाइल नसेल किंवा व्यवहार दाखवायचा राहिला तर व्यवहाराच्या किमतीच्या २ टक्के दंड लागू शकतो, कर वाढो वा न वाढो. यूएईमध्येही जून २०२३ पासून ९ टक्के कॉर्पोरेट कर आणि ट्रान्सफर प्रायसिंगचे नियम आले आहेत, तेव्हा तिथल्या हिशेबनिसाने त्याच व्यवहाराबद्दल वेगळं काही लिहिलेलं नाही ना, हे आम्ही विचारतो.

तपासणीसाठी जानेवारीत या. भाव किंवा उधारी मार्चच्या आत सुधारता येते; ऑक्टोबरमध्ये फक्त झालेलं लिहून काढता येतं. येताना घरच्या आणि परक्या दोन्ही गिऱ्हाइकांची बिलं, शिपिंग बिलं, पैसे जमा झाल्याच्या तारखांसह बँकेचा उतारा, दरपत्रक आणि दुबईच्या डेबिट नोटा आणा. दुबईच्या कंपनीचा ताळेबंद मिळाला तर उत्तम.