२४ की ४८? घनाच्या कोपऱ्यातला प्रभार

बारावीच्या वर्षातली माझी भौतिकशास्त्राची वही अजून माझ्याजवळ आहे. तिच्यातल्या एका पानावर लाल शाईत नुसता एक आकडा आहे: ४८. त्यावर काट, आणि शेजारी २४. प्रश्न असा होता, की एका घनाच्या एका कोपऱ्यावर बिंदुप्रभार q ठेवला आहे, तर घनाच्या समोरच्या एका पृष्ठातून जाणारा विद्युत फ्लक्स किती?

माझा तर्क बिनतोड वाटत होता. कोपऱ्यावरचा प्रभार आठ घनांच्या वाट्याला येतो, म्हणजे या घनाला एक अष्टमांश. घनाला सहा पृष्ठे, म्हणून सहाने भाग. उत्तर q/48ε₀. हीच चूक आजही उत्तरपत्रिकांमध्ये दिसते, आणि ती करणारी मुले बहुतेक वेळा हुशार असतात. कारण त्यांनी आधी सोडवलेले उदाहरण नीट लक्षात ठेवलेले असते. प्रभार घनाच्या मध्यभागी असेल, तर प्रत्येक पृष्ठातून q/6ε₀. तिथला सहा त्यांनी उचलला आणि इकडे आणून लावला. हा सहा तिथे कुठून आला होता, हे मात्र उचलायचे राहिले.

ते पाहायचे तर आधी थोडी पायाभरणी. फ्लक्स म्हणजे एखाद्या पृष्ठाला आरपार छेदून जाणारे विद्युत क्षेत्र. पृष्ठाला लंब असलेला क्षेत्राचा घटक घ्यायचा, त्याला क्षेत्रफळाने गुणायचे, आणि तुकड्यातुकड्याने बेरीज करायची. बिंदुप्रभाराचे क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. उलट, प्रभारापासून निघालेल्या एखाद्या सुळक्याचा छेद अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. घट आणि वाढ एकमेकींना तंतोतंत खाऊन टाकतात. त्यामुळे सुळका जवळ कापा किंवा लांब, सरळ कापा किंवा तिरका, त्यातून जाणारा फ्लक्स तेवढाच. गॉसचा नियम मुळात एवढाच आहे: प्रभाराला सगळीकडून झाकणारे कोणतेही बंद पृष्ठ घ्या, बाहेर पडणारा एकूण फ्लक्स q/ε₀.

‘कोणतेही’ हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. गोल, घन, पिरॅमिड, चेंबलेला डबा, काहीही. पिरॅमिडच्या आकारामुळे आत ऊर्जा एकवटते असे सांगून वस्तू विकणारे लोक आहेत. त्यांच्यासाठी वाईट बातमी अशी, की या कागदी पृष्ठाचा आकार एकूण फ्लक्स तसूभरही बदलू शकत नाही. आकाराने ठरते ते फक्त हे, की तो फ्लक्स कोणत्या पृष्ठाच्या वाट्याला किती येणार.

आणि प्रश्न नेमका वाटपाचाच असतो. एकूण रक्कम नियम देतो. समान वाटप करायचा अधिकार मात्र सममिती देते. मध्यभागी बसलेल्या प्रभाराला सहाही पृष्ठे हुबेहूब सारखी दिसतात. घन फिरवून कोणतेही पृष्ठ कोणत्याही पृष्ठाच्या जागी आणता येते आणि प्रभार जागचा हलत नाही. म्हणून सहाने भागता येते. कोपऱ्यावरून पाहिले तर तसे नाही. तीन पृष्ठे प्रभाराला चिकटलेली आहेत, तीन समोर आहेत. चिकटलेल्या पृष्ठांवर क्षेत्ररेषा पृष्ठाच्या अंगानेच सरकत जातात, त्याला छेदत नाहीत. क्षेत्राचा लंब घटक शून्य, म्हणून फ्लक्स शून्य. मी मात्र त्यांनाही समान वाटा देऊन बसलो होतो.

बरोबर वाट अशी. प्रभाराभोवती आणखी सात घन रचा, म्हणजे दुप्पट बाजूचा मोठा घन तयार होईल आणि प्रभार बरोबर त्याच्या मध्यभागी येईल. मोठ्या घनाच्या प्रत्येक पृष्ठावर लहान घनांची चार पृष्ठे, सहा पृष्ठांवर मिळून चोवीस. ही चोवीसही प्रभाराला सारखी दिसतात. म्हणून प्रत्येकातून q/24ε₀. आता पडताळा घ्या. आपल्या घनाच्या समोरच्या तीन पृष्ठांची बेरीज तीन चोविसांश, म्हणजे एक अष्टमांश, आणि चिकटलेल्या तिघांचे शून्य. आठवा हिस्सा जुळला. माझ्या ४८ ला हा पडताळा लावला असता, तर तीन समोरच्या पृष्ठांतून एक सोळांश निघाला असता आणि उरलेला एक सोळांश गेला कुठे, हे तिथेच विचारावे लागले असते. आकड्यांत सांगायचे तर q एक मायक्रोकूलॉम असेल, तर q/ε₀ सुमारे १.१३ × १०⁵ न्यूटन-मीटर² प्रति कूलॉम, आणि एका पृष्ठाचा वाटा सुमारे ४,७००. घनाची बाजू किती, हे कुठेच लागले नाही. प्रश्नात बाजू दिली असेल तर ती चकवण्यासाठी.

इथे ‘सममिती’ या शब्दाचा एक घोळ होतो. पाठ्यपुस्तकात गॉसच्या नियमाबरोबर गोल, दंडगोल आणि अमर्याद प्रतल अशा तीन सममिती शिकवल्या जातात. त्या क्षेत्र किती, हे काढण्यासाठी असतात. तिथे प्रभार कसा पसरला आहे याची सममिती पाहतात आणि पृष्ठ त्याला साजेसे निवडतात, म्हणजे क्षेत्र पृष्ठभर सारखे राहून बेरजेच्या बाहेर काढता येते. फ्लक्सच्या प्रश्नात काम उलटे असते. पृष्ठ प्रश्नानेच दिलेले असते, आणि पाहायचे असते ते प्रभाराच्या जागेवरून ते पृष्ठ कसे दिसते. घनाच्या पृष्ठावर क्षेत्र ठिकठिकाणी वेगळे असते, तरी आपले काहीच अडले नाही. म्हणून ‘इथे गॉस चालत नाही, कारण क्षेत्र एकसारखे नाही’ हे वाक्य फ्लक्सच्या उत्तरात दिसले, की समजावे दोन प्रकरणांची सरमिसळ झाली.

सोडवलेली उदाहरणे चाळताना म्हणून मी उत्तराकडे पाहत नाही. सोडवणाऱ्याने प्रश्नात नसलेले काय काढले, ते पाहतो. कोपऱ्याच्या उदाहरणात सात जादा घन. एखाद्या उघड्या अर्धगोलाच्या तोंडाच्या मध्यभागी प्रभार असेल, तर खालचा दुसरा अर्धगोल. चौरसाच्या मध्यापासून वर a/2 उंचीवर प्रभार असेल (बाजू a), तर उरलेली पाच पृष्ठे, म्हणजे चौरस हा घनाचा तळ झाला आणि उत्तर q/6ε₀.

या शेवटच्या उदाहरणाची दोन भावंडे आहेत. पहिल्यात प्रभार चौरसाच्या एका कोपऱ्याच्या बरोबर वर, a उंचीवर आहे. प्रश्नात घनाचे नावही नाही. पण चित्र काढा, हा आपला जुना कोपराच आहे, फक्त घन पुसून टाकलेला. उत्तर q/24ε₀. दुसऱ्यात प्रभार चौरसाच्या मध्यावरच आहे, पण उंची a/2 ऐवजी a. इथे कितीही घन रचा, चौरस हा मोठ्या घनाच्या तळाचा मधला तुकडा राहतो, आणि मधला तुकडा कडेच्या तुकड्यांसारखा दिसत नाही. सममिती संपली. आता घनकोन मोजण्यावाचून गत्यंतर नाही. घनकोन म्हणजे प्रभाराच्या सभोवतालच्या आकाशाचा किती भाग त्या पृष्ठाने व्यापला आहे, त्याचे माप. सगळे आकाश ४π. चौरसाची बाजू a आणि उंची h असेल, तर

Ω = 4 tan⁻¹ [ (a²/4) / (h √(h² + a²/2)) ]

आणि फ्लक्स (q/ε₀) × Ω/4π. h = a/2 ठेवल्यास कंसात १/√३ येते, कोन ३०°, आणि बरोबर एक षष्ठांश मिळतो. h = a ठेवल्यास वाटा येतो ०.०६४. एक षष्ठांश म्हणजे ०.१६७. उंची दुप्पट झाली, तर वाटा निम्माही उरला नाही, आणि हा आकडा कोणत्याही सुबक अपूर्णांकात बसत नाही. (सूत्राने दमछाक झाली असेल, तर नुसते ०.०६४ लक्षात ठेवा, ते लगेच लागणार आहे.) वर्तुळाकार चकतीचे प्रकरण त्यामानाने सोपे. प्रभार अक्षावर असेल आणि चकतीची कड त्याला अक्षाशी θ कोनात दिसत असेल, तर वाटा (1 − cos θ)/2. एक चतुर्थांश फ्लक्स हवा असेल तर θ = ६०°, म्हणजे त्रिज्या उंचीच्या √३ पट. हे परीक्षकांचे आवडते उदाहरण आहे.

आता ०.०६४ चे काम. घनाच्या एका पृष्ठाच्या मध्यभागी प्रभार ठेवला आहे. बाहेरून दुसरा घन चिकटवला, की या घनाचा एकूण वाटा निम्मा, q/2ε₀. इथवर सगळे बरोबर जातात. पुढे पाच पृष्ठे उरली म्हणून पाचने भागतात आणि q/10ε₀ लिहितात. पण समोरचे पृष्ठ प्रभारापासून a अंतरावर आहे, मधोमध. म्हणजे तेच दुसरे भावंड, वाटा ०.०६४. उरलेला ०.४३६ हा बाजूच्या चार पृष्ठांत समान वाटायचा, कारण ती चौघे एकमेकांसारखी आहेत. प्रत्येकी ०.१०९. ‘पाचही पृष्ठांतून मिळून किती’ असा प्रश्न असेल तर एका ओळीत उत्तर. ‘समोरच्या पृष्ठातून किती’ असा असेल तर घनकोन लागणार.

कोपऱ्याकडे एकदा परत जाऊ, कारण तिथे एक गंमत राहिली आहे. प्रभार कोपऱ्यावरून आतल्या कर्णाच्या दिशेने केसभर आत ढकला. समोरच्या तीन पृष्ठांना काहीच कळणार नाही, त्यांचा वाटा जवळजवळ तेवढाच, प्रत्येकी एक चोविसांश. पण प्रभार आता पूर्णपणे आत आहे, एकूण फ्लक्स q/ε₀. मग उरलेला सात अष्टमांश कुठून बाहेर पडणार? ज्या तीन पृष्ठांचा वाटा क्षणापूर्वी शून्य होता, त्यांच्यातूनच, प्रत्येकी सात चोविसांश. तोच प्रभार केसभर बाहेर न्या. एकूण फ्लक्स शून्य, समोरच्या पृष्ठांतून अजूनही एक अष्टमांश बाहेर पडतो आहे, म्हणजे तेवढाच जवळच्या तीन पृष्ठांतून आत शिरला पाहिजे: प्रत्येकी उणे एक चोविसांश.