चिंतेची रोजवही

चिंतेची रोजवही म्हणजे रोज थोडं थोडं लिहून, आपल्याला घबराट नेमकी कधी होते, त्याच्या आधी काय घडलेलं असतं आणि शरीर सगळ्यात पहिली खूण कुठे दाखवतं हे शोधायची पद्धत. मनातलं सगळं ओतायची डायरी वेगळी आणि ही वेगळी. ही वही जास्त करून दुकानातल्या खतावणीसारखी असते, नोंद छोटी, वेळ टाकलेली, आकडा टाकलेला. मानसोपचारात विचार आणि वागणूक यांवर काम करणारी जी उपचारपद्धत आहे (तिकडे सीबीटी म्हणतात) तिच्यात पेशंटला सुरुवातीलाच अशी नोंद ठेवायला सांगतात. घबराटीला आकडा द्यायची कल्पना जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाची, त्याची पट्टी ० ते १०० होती, वहीत ० ते १० पुरते.

खान्देशात याला कोणी 'अँक्झायटी' म्हणत नाही, निदान घरात तरी नाही. 'जीव घाबरा होतो', 'छातीत धडधडतं', 'पोटात गोळा येतो', 'हातपाय गळून जातात', अहिराणीत 'जीव घाबरस'. वहीत हेच शब्द लिहायचे, आणि हे मी मुद्दाम सांगतोय, कारण 'अँक्झायटी आली' असं लिहिलं की पानावर काहीच उरत नाही, पण 'पोटात गोळा, बोटं गार' लिहिलं की पुढच्या आठवड्यात तीच खूण परत दिसली तर ओळखू येते.

वहीत काय लिहायचं

साधी शंभर पानी वही चालते. दिवसातून ३ ठरलेल्या वेळा, समजा सकाळी ८, दुपारी २, रात्री ९, फोनला अलार्म लावून, आणि त्याशिवाय घबराट झाली की तेव्हा. प्रत्येक नोंदीत वेळ, जागा, आकडा, शरीरात काय होतंय, डोक्यात कोणतं वाक्य चाललंय आणि मी काय केलं. रात्रीच्या नोंदीत झोप किती झाली, पोटात काय गेलं, चहा किती आणि कधी, एवढं जोडायचं. दोन मिनिटांचं काम आहे. आकड्याला स्वतःची दोन टोकं आधी ठरवून घ्यावी लागतात, जेवून निंबाखाली पडलोय ते ०, आणि आयुष्यात सगळ्यात जास्त घाबरलो तो दिवस १०. नाहीतर आजचा ६ आणि परवाचा ६ एक राहत नाही.

रात्री बसून दिवसभराचं आठवून लिहिलं तर वही खोटं बोलते. आपल्याला दिवसातला सगळ्यात वाईट क्षण आणि शेवटचा क्षण जास्त आठवतो, मधलं निघून जातं.

आणि सगळ्यात जास्त चुकतं ते इथे, की लोक फक्त घाबरले तेव्हाच लिहितात. मग वहीत सगळी पानं घबराटीचीच, आणि त्या प्रत्येक पानावर जे काही होतं, गर्दी, पूल, बॉस, सगळं गुन्हेगार वाटायला लागतं. त्याच गर्दीत, त्याच पुलावर किती वेळा काहीच झालं नाही हे लिहिलेलंच नसतं. ठरलेल्या ३ वेळा याचसाठी आहेत, आणि घबराट ज्या जागेची वाटते ती जागा शांतपणे पार पडली तर तेही रात्री एका ओळीत टाकायचं. शांत नोंद हीच खरी कामाची नोंद.

एक उदाहरण, तापीच्या पुलावरचं

उदाहरणासाठी एक माणूस धरू. वय ३४, तापीच्या पलीकडे चोपड्याच्या बाजूच्या गावात राहतो, जळगावात दालमिलमध्ये हिशेबाचं काम, रोज बाईकवर जाणं-येणं. एकदा विदगावजवळच्या तापीच्या पुलावर त्याला एकदम धडधड सुरू झाली, हाताला मुंग्या, वाटलं आता पडतोच. डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात पक्कं की पुलाचीच भीती आहे, आणि तो सकाळी गावातल्या एका मित्राला मागे बसवल्याशिवाय निघेना.

त्याने ३ आठवडे वही ठेवली. २१ दिवसांत कामाचे १८ दिवस, म्हणजे पूल ३६ वेळा ओलांडला. आकडा ६ च्या वर गेला असे दिवस ७. त्यातले ४ पुलावरचे, ते चारही सकाळचे. संध्याकाळी १८ वेळा तोच पूल, तेच पाणी, एकदाही नाही. बाकीच्या तिघांपैकी एक मिलमध्ये काट्याजवळ, एक रविवारी घरी संकष्टीच्या उपवासाला, आणि एक रात्री लग्नाच्या मांडवात.

आता पूल बाजूला ठेवून त्याने दुसरा रकाना बघितला. सकाळी काही न खाता २ किंवा जास्त कप चहा झालेले दिवस होते ८, आणि त्या ८ पैकी ६ दिवस घबराट. उरलेल्या १३ दिवसांत फक्त १, ती मांडवातली, आणि त्या आठवड्यात हळदी, जागरण यांत तीन रात्री झोप झाली नव्हती. सकाळी आई चहा देते, मग गल्लीत एक चहा, मग पंपावर मित्र येईपर्यंत एक, आणि डबा दुपारी १ वाजता. इतकं रोजचं की ते कारण असेल असं कोणाच्या मनातही येत नाही.

चहातलं कॅफिन हृदय जोरात चालवतं, हात थोडे थरथरवतं, आणि साधारण ५ तासांनीही निम्मं अंगात शिल्लक असतं. त्यात पोट रिकामं, झोप कमी, की शरीर आधीच चढलेलं असतं. मग पूल येतो, 'इथे थांबायला जागा नाही' हा विचार येतो, धडधडीचा अर्थ 'काहीतरी वाईट होतंय' असा लागतो, श्वास जोरात सुरू होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि हाताला, ओठांभोवती मुंग्या येतात, मुंग्या आल्या की भीती अजून वाढते. म्हणजे पूल निर्दोष आहे असं नाही, पण तो आगपेटीसारखा, गवत सकाळपासून वाळत घातलेलं होतं. वही नसती तर हा माणूस वर्षभर पुलाशीच भांडत बसला असता.

शरीराची पहिली खूण

पहिल्या आठवड्यात त्याने प्रत्येक वेळी 'अचानक' लिहिलं, जवळजवळ सगळेच लिहितात. म्हणून नोंदीत एक प्रश्न वाढवायचा, याच्या तासभर आधी शरीरात काय होतं. सुरुवातीला ती जागा रिकामी राहते आणि राहू द्यावी, ओढून ताणून भरू नये. दुसऱ्या आठवड्यात त्याला दिसायला लागलं की पुलाच्या आधी २०-३० मिनिटं, पेट्रोल पंपावर मित्राची वाट बघतानाच, तो सारखे सारखे मोठे उसासे टाकतो, जांभया देतो, आणि दाढा आवळलेल्या असतात. ७ पैकी ५ वेळा हे होतं. छातीतली धडधड त्याची शेवटची खूण होती, पहिली नाही. कोणाचं पोट आधी सांगतं, कोणाला सारखं लघवीला लागतं, कोणाची मान आखडते, कोणाची चिडचिड होते, हे ज्याचं त्याचं असतं आणि दुसऱ्याच्या खुणा आपल्याला लागू करायच्या नाहीत.

अमेरिकेत अ‍ॅलिसिया म्युरे आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये छापलेल्या अभ्यासात घबराटीच्या झटक्यांचा आजार असलेल्या ४३ लोकांच्या अंगाला दिवसभर मोजमाप करणारी यंत्रं लावली होती. त्यात १३ झटके नैसर्गिकपणे पकडले गेले, आणि श्वास-हृदयातली गडबड झटक्याच्या ४७ मिनिटं आधीपासून दिसत होती. पण त्या लोकांना स्वतःला ती कळली नव्हती, झटका 'अचानक' आला असंच ते सांगत होते. यातून दोन गोष्टी निघतात, की आधीची हालचाल खरी असते, आणि वहीने ती सगळी पकडता येईल असं नाही, आपल्याला जेवढी जाणवते तेवढीच हाती लागते.

खूण सापडली की काय करायचं, तर त्याने पंपावर उसासे सुरू झाले की मुद्दाम मोठा श्वास घेणं बंद केलं (लोक नेमकं हेच उलट करतात, खोल श्वास ओढत बसतात आणि मुंग्या वाढतात) आणि श्वास हळू, लांब सोडायला सुरुवात केली, दाढा सैल केल्या.

अंदाज तपासणं

८ पैकी ६ हा फक्त अंदाज असतो, एका माणसाचा, तीन आठवड्यांचा. म्हणून एका आठवड्यात एकच गोष्ट बदलायची. चौथ्या आठवड्यात त्याने फक्त सकाळचं खाणं-पिणं बदललं, निघायच्या आधी कळण्याची भाकरी-चटणी नाहीतर रात्रीची पोळी खाल्ली आणि चहा एकच, खाल्ल्यानंतर. बाकी सगळं तसंच. पुलावर सर्वात वरचा आकडा ५, तोही एकदाच. पाचव्या आठवड्यात मित्राला घेतलं नाही. पहिल्या दिवशी आकडा ७, थांबला नाही, तसाच गेला, विदगाव येईपर्यंत ३. शनिवारी ३ च्या वर गेलाच नाही. दोन्ही एकदम बदललं असतं तर कशाने फरक पडला ते कधीच कळलं नसतं.

कुठे चुकतं, कुठे थांबायचं

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ ला टेकतो तेव्हा उन्हाने होणारी धडधड, चक्कर, गळाल्यासारखं वाटणं आणि घबराट यांचं रूप सारखंच दिसतं. त्या दिवसांत किती पाणी प्यालो आणि किती वेळ उन्हात होतो हे लिहिलं नाही तर वही सरळ दिशाभूल करते. थायरॉइड वाढलेलं असणं, रक्त कमी असणं, डायबेटिसच्या औषधाने साखर उतरणं, यांतही असंच होतं, म्हणून वही सुरू करायच्या आधी एकदा डॉक्टरांकडे जाऊन यावं. छातीत दाब येऊन डावा हात किंवा जबडा दुखत असेल, घाम सुटत असेल, तर तिथे नोंद करत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

काहींना वही बाधते. ज्यांना आजाराचीच भीती आहे ते दर तासाला नाडी मोजून लिहायला लागतात, मग वही हीच नवीन घबराट होते. ओळखायचं कसं, लिहून झाल्यावर आकडा लिहायच्या आधीपेक्षा सारखा वाढलेला असतो, नोंद दोन ओळींची अर्धं पान होते, आणि वही घरी राहिली तर जीव कासावीस होतो. यातलं काही दिसलं तर वही बंद करून समुपदेशकाशी बोलायचं. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

एकत्र कुटुंबात वही कोणाच्याही हाती लागते ही खरी अडचण आहे, विशेषतः सुनांना. त्यावर दूध-किराण्याच्या हिशेबाच्या वहीतच शेवटच्या पानांवर नुसते आकडे आणि अक्षरं टाकायची, 'पो' म्हणजे पोट, 'दा' म्हणजे दाढा, असं चालतं, बघणाऱ्याला हिशेबच वाटतो. बहुतेकांना ३ ते ६ आठवडे पुरतात. नवीन पानांवर तेच ते यायला लागलं, त्यातून नवीन काही कळेना, की थांबायचं. वरच्या उदाहरणातल्या माणसाने सहाव्या आठवड्यात लिहिणं सोडलं. पंपावर जांभई आली की दाढा सैल करायची तेवढी सवय राहिली.