किराणा दुकानातील मालसाठा-नियंत्रण

किराणा दुकानातील मालसाठा-नियंत्रण : वस्तीतल्या लहान किराणा दुकानात कोणता माल किती ठेवावा आणि पुढचा माल केव्हा मागवावा, हे ठरविण्याची पद्धत. एका वेळी किती माल मागवावा याचे गणिती सूत्र फोर्ड व्हिटमन हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने 1913 मध्ये मांडले. पुढे आर. एच. विल्सन यांच्या 1934 मधील लेखामुळे ते ‘विल्सन सूत्र’ म्हणून रूढ झाले. मात्र श्रेय हॅरिसकडे जाणे अधिक योग्य दिसते. हे सूत्र खप बारमाही सारखा धरते. किराण्याचा खप पगाराच्या आठवड्यात चढतो, महिनाअखेरीस उतरतो आणि डाळ तर पोत्यानेच उचलावी लागते. त्यामुळे दुकानदारापुढे ‘किती’ यापेक्षा ‘केव्हा’ हा प्रश्न मोठा असतो.

त्याचे उत्तर रोजच्या खपावरून निघते. समजा, 30 दिवसांत 150 किलो तूरडाळ गेली, पण त्यांतले 5 दिवस डाळ संपलेली होती. सरासरी 5 किलो धरणे चूक. 150 ला 25 ने भागून 6 किलो धरावी. ही चूक सर्रास होते व डाळ पुन्हा पुन्हा संपते. घाऊक व्यापाऱ्याकडून माल यायला एरवी 3 दिवस लागत असतील, तर 18 किलो पुरेल असे वाटते. परंतु पगाराच्या आठवड्यात रोज 10 किलो खपते आणि गाडी एखादा दिवस उशिरा येते, म्हणून 10 गुणिले 4, म्हणजे 40 किलो उरताच मागणी द्यावी. पोते 50 किलोचे असल्यास खूण सोपी आहे : शेवटचे पोते फोडल्यावर 10 किलो विकले गेले, की मागणी द्यायची. हलक्या खपाच्या वस्तूंसाठी एवढी आकडेमोड लागत नाही.

पडून राहणारा माल बहुधा स्कीममधून येतो. आठवड्याला 2 पुडे खपणाऱ्या बिस्किटांवर ‘12 वर 1 फुकट’ मिळते म्हणून 48 पुडे घेतले, तर हाती 52 येतात. मुदत 4 महिनेच उरली असेल, तर सुमारे 17 आठवड्यांत 34 पुडे जातात. मागे राहिलेल्या 18 पुड्यांपैकी फुकटचे 4 वजा केले, तरी 14 पुड्यांचे पैसे बुडतात. म्हणून स्कीम घेण्याआधी खोक्यावरील तारीख पाहून, उरलेल्या आठवड्यांना आठवड्याच्या खपाने गुणावे. येणाऱ्या संख्येपेक्षा जास्त माल घेऊ नये.

सुट्ट्या मालात जुना माल आधी विकण्याचा नियम डब्याच्या तळाशी मोडतो. अर्ध्या डब्यावर नवी डाळ ओतली की जुनी खालीच राहते आणि पावसाळ्यात तिला कीड लागते. वरची डाळ स्वच्छ असल्याने ते उशिरा कळते. जुनी डाळ काढून डबा कोरडा पुसावा, तळाशी नवी भरावी व जुनी वर घालावी.