बालाघाट नकाशातून गायब कसा होतो

मागच्या महिन्यात बीडला एका नातेवाइकाच्या घरी गेलो होतो, तिथं हॉलमधे जिल्ह्याचा मोठा नकाशा लावलेला, उठावाचा, म्हणजे डोंगरदऱ्या सावलीनं दाखवलेल्या. बघताक्षणी काहीतरी खटकलं. बिंदुसरा नदी डोंगराच्या धारेवरून वाहतेय असं दिसत होतं आणि मांजरसुंब्याच्या घाटाजवळचा बालाघाटच्या पठाराचा कडा खोलगट दिसत होता. नकाशा उलटा धरला की सगळं जागेवर, डोंगर डोंगर आणि दरी दरी! छापणाऱ्यानं उजेड दक्षिणेकडून टाकला होता, बाकी काही नाही.

हे का होतं ते आधी सांगतो. आपल्या मेंदूला सवय आहे की उजेड वरून येतो. कागदावर "वर" म्हणजे उत्तर, त्यामुळं कागदाच्या खालच्या बाजूनं उजेड टाकला तर मेंदू ते मान्यच करत नाही, तो उलट दरीला डोंगर समजून मोकळा होतो. म्हणून नकाशात सूर्य वायव्येला ठेवायचा रिवाज आहे, दिगंश ३१५, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं मोजलेले ३१५ अंश. आता मराठवाड्यात सूर्य वायव्येला आभाळात अर्ध्यावर कधीच नसतो, तो वर्षाचा बहुतेक काळ दक्षिणेकडेच झुकलेला असतो, फक्त साधारण मेच्या मध्यापासून जुलै अखेरपर्यंत दुपारी थोडा उत्तरेला सरकतो. त्यामुळं उपग्रहाच्या खऱ्या फोटोतही, जे बहुतेक सकाळी साडेदहाच्या आसपास आग्नेयेच्या उन्हात घेतलेले असतात, आपल्याकडच्या दऱ्या बऱ्याचदा डोंगर वाटतात.

सावलीच्या याच खेळातून "मंगळावरचा चेहरा" जन्माला आला. १९७६ साली वायकिंग १ नं तिरप्या उन्हात एका टेकाडाचा फोटो काढला, लोकांनी त्यात परग्रहवासीयांनी कोरलेला चेहरा पाहिला, आणि २००१ मधे मार्स ग्लोबल सर्वेयरनं जास्त बारीक फोटो घेतला तेव्हा ते साधं झिजलेलं टेकाड निघालं. तरी त्याचे फॉरवर्ड अजून फिरतात. सावलीवरून आकार ठरवायचा असेल तर उजेड कुठून होता हे आधी विचारायलाच पाहिजे.

आता मुख्य गोष्ट. हिलशेड, म्हणजे असा सावलीचा उठाव, बनवायला लागतो डीईएम, म्हणजे जमिनीच्या उंचीची चौकटी-चौकटीची फाइल. प्रत्येक चौकटीत मीटरमधे उंची. एसआरटीएमचा डेटा फेब्रुवारी २००० मधे स्पेस शटलवरच्या रडारनं घेतलेला, चौकट साधारण ३० मीटरची आणि फुकट मिळतो. कॉम्प्युटर शेजारच्या चौकटींवरून प्रत्येक ठिकाणचा उतार किती आणि उताराचं तोंड कुठं ते काढतो, मग तिथं उजेड किती तिरपा पडतो त्यावरून राखाडी रंग देतो, १ म्हणजे काळा आणि २५५ पांढरा. शेजारच्या डोंगराची लांब सावली तो टाकत नाही, फक्त त्या जागेचा उतार बघतो.

आणि इथंच बालाघाट फसतो. बालाघाटची रांग वायव्येकडून आग्नेयेकडं जाते. गोदावरीच्या बाजूचा तिचा कडा बराचसा ईशान्येकडं तोंड करून आहे, दुसरी बाजू नैऋत्येकडं. रिवाजाप्रमाणं उजेड वायव्येकडून टाकला तर तो रांगेला समांतर जातो, तिच्या कुठल्याच बाजूवर समोरून पडत नाही.

आकड्यात बघा. सूर्य ४५ अंश उंच ठेवला तर सपाट जमिनीचा रंग येतो १८१. ईशान्येकडं तोंड असलेल्या १० अंशाच्या उताराचा रंग वायव्येच्या उजेडात येतो १७८. १८१ आणि १७८, छापल्यावर हा फरक डोळ्याला कळणारच नाही. त्याहून वाईट म्हणजे नैऋत्येच्या उताराचाही रंग १७८ च येतो, म्हणजे रांगेच्या दोन्ही बाजू सारख्याच, मग डोंगर दिसणार कसा? आता सूर्य नुसता फिरवून सरळ उत्तरेला न्या, दिगंश ०. ईशान्येचा तोच उतार होतो २००, नैऋत्येचा होतो १५६, सपाट तसंच १८१. कडा उठून उभा राहतो. आणि उजेड अजून कागदाच्या वरच्या बाजूनंच येतोय, त्यामुळं दरीचा डोंगर होत नाही. मला तर हे पहिल्यांदा स्क्रीनवर बघितलं तेव्हा अंगावर काटा आला होता, तीच फाइल आणि फक्त एक आकडा बदललेला.

दुसरा आकडा म्हणजे उंची वाढवून दाखवणं, इथं लोक हमखास अति करतात. गोदावरीकाठ सपाट, म्हणून ५ पट टाकतात. पण ३० मीटरच्या चौकटीत शेजारच्या उंचीत नुसती २ मीटरची चूक असली, जी या रडारच्या डेटात सहज असते, तर जवळपास ४ अंशाचा खोटा उतार तयार होतो आणि ५ पटीनं तो १८ अंशांचा होतो. मग सपाट काळ्या रानात देवी आल्यासारखे खड्डे दिसायला लागतात, जे तिथं नाहीतच. दुसरीकडं ४० अंशाचा कडा ५ पटीनं ७७ अंशांचा होतो, त्याची उजेडाकडची बाजू पुरेशी उजळत नाही आणि पाठ ठार काळी पडते, म्हणजे बारकावे गेलेच. २ पट केलं तर १० अंश होतात साधारण १९, तेवढं बीडसाठी पुरतं. कमी पडलं तर मी पट वाढवत नाही, सूर्य खाली आणतो, ४५ वरून ३५ वर. मंद उतारावर दोन्हीचा परिणाम एकच असतो, पण खडा कडा तिथं जरा कमी बिघडतो.

जीडीएएल या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधे मी चालवतो ते एवढंच:

```
gdalwarp -t_srs EPSG:32643 -tr 30 30 -r cubic beed.tif beed_utm.tif
gdaldem hillshade -az 0 -alt 45 -z 2 beed_utm.tif beed_shade.tif
```

पहिली ओळ फाइलचं आडवं माप मीटरमधे आणते, ती वगळू नका. मूळ फाइलमधे आडवं माप अंशात आणि उंची मीटरमधे असते, तशीच दिली तर जीडीएएलच्या जुन्या आवृत्त्यांत कॉम्प्युटरला प्रत्येक चढ भिंतीसारखा वाटतो आणि चित्र नुसतं काळंपांढरं, चुरगळलेल्या कागदासारखं येतं. ते दिसलं की समजायचं, प्रोजेक्शन राहिलं.

आता छपाई. स्क्रीनवर १८१ छान दिसतं पण कागदावर ते जवळपास २९ टक्के शाई आहे, तीही सगळ्या सपाट भागावर, आणि शाई कागदात थोडी पसरते म्हणून आणखी गडद होते. त्यावर गावांची नावं वाचताच येत नाहीत. म्हणून गिंप या चित्रं सुधारायच्या सॉफ्टवेअरमधे उजळपणाची कर्व्ह उचलून सपाट जमीन २३५ च्या आसपास आणायची, काळी बाजू जास्त हलवायची नाही, आणि मग तो थर रंगांवर मल्टिप्लाय करायचा. स्केलही बघा. अडीच लाखात एक या प्रमाणाला ३० मीटरची चौकट कागदावर ०.१२ मिलिमीटर होते, दिसत नाही. पन्नास हजारात एकला तीच ०.६ मिलिमीटर होते आणि कड्यावर पायऱ्या दिसतात. बालाघाटात बेसॉल्टच्या थरांच्या खऱ्या पायऱ्या पण आहेत, त्यामुळं बघणारा दोन्हीत गोंधळतो.

त्या नातेवाइकांसाठी मी नवीन नकाशा केला, आधी एकाच ए४ कागदावर मांजरसुंब्याच्या कड्याचा तुकडा तीन कर्व्हनी छापून खिडकीजवळ धरून बघितला, मधला निवडला. आता बिंदुसरा दरीतून वाहते.