शाळाप्रवेशाची कट-ऑफ तारीख आणि वर्गातलं सगळ्यात लहान मूल

शाळेत वर्ग पाडताना एक तारीख ठरवतात आणि तिच्या अलीकडचे-पलीकडचे असे दोन गट होतात, यालाच कट-ऑफ म्हणायचं. आधी एकाच खोलीत सगळ्या वयाची पोरं बसायची. अमेरिकेत १८४७ मध्ये बॉस्टनच्या क्विन्सी शाळेत वयानुसार वेगळ्या खोल्या, वेगळे शिक्षक अशी पद्धत आली आणि ती पसरली, कारण एका इयत्तेला एकच धडा शिकवणं सोपं आणि स्वस्त पडतं. मूल तयार आहे का हे प्रत्येकाचं तपासत बसण्यापेक्षा जन्मदाखला बघणं बरं, एवढंच त्यामागचं लॉजिक.

इंग्लंडमध्ये ही तारीख १ सप्टेंबर. म्हणजे ३१ ऑगस्टला जन्मलेलं मूल नुकतं चार वर्षांचं होऊन रिसेप्शन म्हणजे तिथल्या शाळेच्या सगळ्यात पहिल्या वर्गात बसतं आणि शेजारी १ सप्टेंबरवालं पाच वर्षं पूर्ण झालेलं असतं! चार वर्षांच्या पोराला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा चौथा हिस्सा, त्यामुळे पेन्सिल धरणं, जागेवर बसणं, बोलणं सगळ्यातच फरक दिसतो. वय वाढेल तसा तो कमी होतो पण पूर्ण जात नाही, सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेतही ऑगस्टवाले सरासरीने मागेच असतात. आता हे जन्माच्या ऋतूमुळे तर नाही ना? जपानमध्ये वर्ष एप्रिलपासून मोजतात, तिथे मार्चवाले मागे पडतात, म्हणजे दोष महिन्याचा नाही, कट-ऑफचा.

सगळ्यात खटकणारी गोष्ट आजाराच्या निदानाची. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या विमा नोंदींवरचा अभ्यास आला. १ सप्टेंबर कट-ऑफ असलेल्या राज्यांत ऑगस्टमध्ये जन्मलेल्या दर १०,००० मुलांत साधारण ८५ जणांना एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अति चुळबुळ हा त्रास, असल्याचं निदान झालेलं आणि सप्टेंबरवाल्यांत साधारण ६४. जिथे ही कट-ऑफ नाही तिथे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असा फरक दिसला नाही. म्हणजे काही पोरं फक्त लहान होती म्हणून चुळबुळी वाटली, कारण शिक्षक तुलना वर्गातल्या बाकीच्यांशी करतात, त्याच वयाच्या मुलांशी नाही. औषधं पण सुरू होतात हो त्यावर.

आपल्याकडे महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण हा नियम, त्यामुळे डिसेंबरवालं पोर जूनमध्ये साडेपाचचं असतानाच पहिलीत बसतं. मग एक वर्ष थांबवावं का? थांबवलं तर परीक्षेला वय जास्त मिळतं, मार्क वाढतात, पण शाळेतून बाहेर पडायलाही वर्ष उशीर होतो, आणि घरी ठेवणं परवडतं कोणाला हाही प्रश्नच. त्यात सगळेच थांबले तर दुसरं कोणीतरी सगळ्यात लहान ठरणारच. म्हणून इंग्लंडमधल्या काही संशोधकांनी मार्कच वयानुसार ॲडजस्ट करून द्या असं सुचवलं, म्हणजे आठ वर्षं एक महिन्याच्या मुलाचा निकाल त्याच वयाच्या मुलांशी लावायचा. हा सरासरीचा हिशोब आहे हे मात्र धरून चाला, वर्गात पहिलं येणारं पोर ऑगस्टचं किंवा डिसेंबरचंही असतंच.