५०० पानांत ५०० चुका, म्हणजे पानाला एक?

एकाचा दावा: “गणित बघा, ५०० पानांचं पुस्तक, छपाईच्या ५०० चुका, म्हणजे प्रत्येक पानावर साधारण एकच चूक असणार, तीन सापडणं जवळपास अशक्य.”

सरासरी एक आहे हे खरंय, पण चुका काही पानं वाटून घेत नाहीत ना. एकच पान धरा. कुठलीही एक चूक त्या पानावर पडायची शक्यता १/५००, न पडायची ४९९/५००. अशा ५०० चुका, आणि सगळ्याच हुकल्या तर पान बिनचूक, म्हणजे ४९९/५०० चा ५०० वा घात, तो येतो ०.३६७५. संधी भरपूर आणि शक्यता इवलीशी असली की हे लांबलचक गणित, म्हणजे बायनॉमियल, सोडून पॉइसॉन हे सोपं सूत्र वापरतात, त्यात फक्त सरासरी लागते (५०० × १/५०० = १) आणि उत्तर e⁻¹ = ०.३६७९. फरक थेट चौथ्या दशांशात!

म्हणजे सरासरी १८४ पानं बिनचूक, १८४ वर एक, ९२ वर दोन, आणि तीन किंवा जास्त चुकांची तब्बल ४० पानं.

स्प्रेडशीटमध्ये दोन्ही टाकून बघा:

```
=BINOM.DIST(0,500,1/500,FALSE)
=POISSON.DIST(0,1,FALSE)
```

आता १० चुका आणि १० पानं घ्या, सरासरी तीच, पण बायनॉमियल ०.३४८७ देतो, पॉइसॉन मात्र ०.३६७९ वरच अडून बसतो, कारण १/१० ही शक्यता पुरेशी लहान नाही. आणि एखाद्या किचकट तक्त्यात चुका घोळक्याने येत असतील तर दोन्ही सूत्रं फसतात, ती प्रत्येक चूक स्वतंत्र धरतात.